एन्टर दाबल्यावर शून्य कुठे जाते?

१. प्रश्न

एक्सेलमध्ये `020` असा पुण्याचा एसटीडी कोड टाकून पुढे फोन नंबर लिहिला आणि एन्टर दाबले, की पहिले शून्य नाहीसे होते. परत टाकले, परत गेले. मग माणूस वैतागून विचारतो, "मी बरोबर टाकतोय, तरी हे यंत्र माझे शून्य का खाते?" वर्गणीदारांची, सभासदांची, ग्राहकांची किंवा लग्नाच्या आमंत्रणांची यादी केलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो.

नारायण पेठेत तो जरा जास्तच जवळचा आहे. प्रकाशक, छापखाने, मासिकांची कार्यालये यांची ही जुनी वस्ती. 'केसरी'चा वाडाही इथलाच, ५६८ नारायण पेठ. छापलेला अंक वाचकाच्या दारात पोचवायचा, तर पत्त्यांची यादी लागते. पूर्वी ती वहीत किंवा कार्डांवर असे, आज बहुतेक ठिकाणी एक्सेलच्या फाइलीत असते. दिवाळी अंकाच्या दिवसांत याच फाइलीतून लेबले छापली जातात, कुरिअरचे अर्ज भरले जातात आणि व्हॉट्सॲपवर निरोप जातात. फाइलीत एक शून्य कमी असेल, तर लेबलावरही ते कमीच असणार.

आपण अशाच एका मासिकाची कल्पना करू. मासिक काल्पनिक आहे, पण त्याच्या यादीत घडणाऱ्या गोष्टी अगदी खऱ्या आहेत. त्याचे वर्गणीदार पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, आणि काही न्यू जर्सी, लंडन, सिंगापूरला गेलेले आहेत. कोड आणि फोन नंबर पडद्यावर जसे दिसतात तसेच मी या प्रकरणात लिहिणार आहे. उदाहरणांतले फोन नंबर मुद्दाम कोणाचेच नसतील असे घेतले आहेत.

२. मोजायचा आकडा आणि ओळखायचा आकडा

संगणकाच्या लेखी आकड्यांचे दोन प्रकार आहेत, आणि सारा घोटाळा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतो.

वर्गणी ६०० रुपये हा मोजायचा आकडा. त्याची बेरीज होते, सरासरी निघते, दुप्पट करता येते. ६०० च्या आधी एक शून्य लिहिले, तरी रुपये तेवढेच राहतात. म्हणून संगणक असे आकडे साठवताना फक्त त्यांची किंमत लक्षात ठेवतो. आधीची शून्ये किंमत बदलत नाहीत, म्हणून ती टाकून देतो. अधिकचे चिन्हही टाकतो, कारण +६०० आणि ६०० एकच.

पिन कोड आणि फोन नंबर हे ओळखायचे आकडे. स्वयंपाकघरातल्या डब्यावरची चिठ्ठी आणि डब्यातले धान्य यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. चिठ्ठी वाचायची असते, वजन करायची नसते. नारायण पेठ आणि डेक्कनच्या पिन कोडांची बेरीज करून कोणालाही काही मिळत नाही. या आकड्यांत प्रत्येक अंकाची जागा महत्त्वाची असते. पहिल्या जागी शून्य असेल, तर तोही एक अंक असतो.

आता एक्सेलचे वागणे समजायला सोपे जाते. आपण खान्यात काही टाइप केले की एक्सेल अंदाज बांधते: हे आकड्यासारखे दिसते का, तारखेसारखे, की सूत्रासारखे? सगळे अंकच दिसले, तर तो मोजायचा आकडा असे समजून किंमत ठेवते. `02012345678` ची किंमत `2012345678`, म्हणून शून्य जाते. पेठेतल्या घराचा क्रमांक `10/12` असेल, तर त्याची १० डिसेंबर किंवा १२ ऑक्टोबर होते. हा अंदाज एन्टर दाबण्याच्या क्षणी बांधला जातो, आणि आपण टाइप केलेली मूळ अक्षरे त्यानंतर खान्यात उरत नाहीत. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी दुरुस्ती तिच्यावर अवलंबून आहे.

३. आपला पिन कोड का वाचतो, आणि कुठे वाचत नाही

नारायण पेठेचा पिन कोड `411030`. तो आकडा म्हणून टाकला काय आणि मजकूर म्हणून टाकला काय, दिसतो तसाच. त्यामुळे पिन कोडाचा रकाना आकड्यांचाच ठेवायची सवय इथे सहज लागते आणि वर्षानुवर्षे निभते. याचे श्रेय पिन कोडाच्या रचनेला आहे.

भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी होते, आणि संस्कृत कवी म्हणूनही नावाजलेले होते. त्यांच्या रचनेत पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. ४ म्हटले की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा सांगतात, `411` म्हणजे पुणे. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. विभाग १ पासून ९ पर्यंत आहेत आणि ९ हा लष्करी टपालाचा. शून्य विभाग नाही, म्हणून भारतातला एकही पिन कोड शून्याने सुरू होत नाही.

पण शून्य पोटात असते. `411030` मधले शेवटचे तीन अंक `030` आहेत. पुणेकरांना 'पुणे ३०' ही पत्त्याची जुनी धाटणी माहीत आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या श्रेयपानावर ती सर्रास दिसते. जुन्या यादीतले 'पुणे ३०' आणि 'पुणे ४' पूर्ण पिन कोडात न्यायचे झाले, तर नुसते `411` पुढे चिकटवून चालत नाही. `41130` हे पाच अंक झाले आणि `4114` हे चार. `30` चे `030` आणि `4` चे `004` करूनच जोडावे लागते, तेव्हा डेक्कन जिमखान्याचा `411004` मिळतो. एक्सेलमध्ये जुना क्रमांक A2 मध्ये असेल, तर सूत्र असे:

```
="411" & TEXT(A2,"000")
```

`TEXT` हे आकड्याला मजकुरात बदलते, आणि `"000"` म्हणजे तीन जागा भरल्याच पाहिजेत, कमी असतील तिथे शून्य घाल.

याच्या उलटही घडते. पुष्कळ लोक पिन कोड `411 030` असा मधे जागा सोडून लिहितात. वाचायला ते सोयीचे आहे. पण पत्त्याची एक लांब ओळ तोडून रकाने करताना मोकळ्या जागेवर तोडली, तर `411` एका खान्यात जातो आणि `030` दुसऱ्यात. दुसरा लगेच `30` होतो. भारतीय पिन कोडालाही शून्याची इजा होते ती अशी, मधून.

४. देशाबाहेरचे पत्ते

खरा फटका परदेशी वर्गणीदारांना बसतो. आपल्या काल्पनिक मासिकाच्या यादीतल्या चार ओळी पाहू.

```
गाव,देश,पोस्टकोड
पुणे,IN,411030
जर्सी सिटी,US,07306
सिंगापूर,SG,018956
ड्रेस्डेन,DE,01067
```

अमेरिकेच्या ईशान्येकडची राज्ये, म्हणजे न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे, यांचे झिप कोड शून्यानेच सुरू होतात. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या एडिसनचाही `08820` आहे. जर्मनीच्या पूर्वेकडच्या शहरांचे तेच, सिंगापूरच्या मध्यभागाचे तेच. लंडनचे कोड मात्र वाचतात, कारण त्यांत अक्षरे असतात आणि एक्सेलला आकडा समजण्याची संधीच मिळत नाही. भारतीय टपाल खात्याने २०२५ साली आणलेला दहा चिन्हांचा डिजिपिनही अक्षरे आणि अंक मिळून बनतो, त्यामुळे तो आकड्यांच्या रकान्यात सहसा बसत नाही.

वरची यादी एक्सेलने आकडे समजून उघडली, तर दिसेल ते असे:

```
पुणे,IN,411030
जर्सी सिटी,US,7306
सिंगापूर,SG,18956
ड्रेस्डेन,DE,1067
```

पहिली ओळ शाबूत आहे, आणि यादी तपासणाऱ्याची नजर सवयीने तिथेच जाते. `7306` मध्ये काही चुकले आहे हे भारतातून कसे कळावे? ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड, डेन्मार्क या देशांचे कोड चार अंकीच असतात. सिंगापूरचा `18956` आता पाच अंकी झाला आहे, म्हणजे हुबेहूब अमेरिकन झिपसारखा दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा `0800` तर `800` होऊन बसतो.

म्हणून 'देश' हा रकाना मी आवश्यक मानतो. गेलेले शून्य परत घालता येते, पण एकूण किती अंक हवेत हे देश कळल्याशिवाय ठरत नाही. अमेरिका आणि जर्मनीला पाच, सिंगापूरला सहा, ऑस्ट्रेलियाला चार. देश ठाऊक असेल, तर दुरुस्ती एका ओळीची आहे. अमेरिकेच्या ओळींसाठी, झिप C2 मध्ये असेल तर:

```
=TEXT(C2,"00000")
```

देशाचा रकाना नसेल, तर प्रत्येक ओळ पत्ता वाचून हाताने सोडवावी लागते.

५. फोनचे शून्य आणि अधिकचे चिन्ह

फोन नंबरातले शून्य आणि पिन कोडातले शून्य एकाच कारणाने गळतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. झिप `07306` मधले शून्य कोडाचा भाग आहे. `020` मधले शून्य फोन नंबराचा भाग नाही. 'हा फोन शहराबाहेर लावायचा आहे' असे यंत्रणेला सांगणारा तो आधीचा अंक आहे. पुण्याचा खरा कोड `20`. म्हणून परदेशातून पुण्याला फोन लावताना `+91 20` आणि पुढे आठ अंक लावतात, मधे शून्य येत नाही.

आणि `+` म्हणजे काय? एका देशातून बाहेर फोन लावण्यासाठी प्रत्येक देशाचा वेगळा आरंभ असतो. भारतातून `00`, अमेरिकेतून `011`. तुम्ही जिथे असाल तिथला जो आरंभ असेल तो इथे घ्या, एवढेच `+` सांगते. त्याच्यामागचे अंक देशाचा कोड आहेत हे वाचणाऱ्याला त्यावरूनच कळते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या मानकानुसार देशाच्या कोडासह पूर्ण नंबर जास्तीत जास्त १५ अंकांचा असतो.

आता `02012345678` या पुण्याच्या नमुना नंबराचे काय होते ते पाहू. शून्य गेले की उरतात दहा अंक, `2012345678`. दहा अंक म्हणजे मोबाइल, असे आपले डोळे आणि पुष्कळ प्रोग्रॅमही धरून चालतात. पण भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. दहा अंकांचा आणि २ ने सुरू होणारा नंबर यादीत दिसला, तर ती शून्य गळलेली लँडलाइन असण्याचा दाट संभव आहे.

त्यातही गंमत अशी, की अमेरिकेतले नंबरही दहा अंकी असतात. पुण्यातले बीएसएनएलचे नंबर २ ने सुरू होतात, म्हणून शून्य गळले की ते `202` ने सुरू होतात, आणि `202` हा वॉशिंग्टन शहराचा कोड आहे. लंडनचे साम्य त्याहून गोंधळात टाकणारे. लंडनचाही शहर कोड `020` आहे आणि तिथेही पुढे आठच अंक असतात. `020 7946 0123` हा नंबर ब्रिटनमध्ये नाटक-चित्रपटांत दाखवण्यासाठी राखून ठेवलेल्या नंबरांपैकी आहे. यादीत तो असा लिहिलेला असेल, तर लंडनचा की पुण्याचा हे नुसत्या अंकांवरून सांगता येणार नाही. `+44 20` की `+91 20` एवढ्यावर ते ठरते, आणि आकड्यांच्या रकान्यात तो `+` च टिकत नाही.

मोबाइलच्या बाबतीत शून्य गळल्याचा त्रास सहसा कळत नाही. बाहेरगावच्या मोबाइलला आधी शून्य लावायची जुनी पद्धत होती, त्यामुळे पुष्कळ याद्यांत मोबाइल नंबर अकरा अंकी, शून्यासह लिहिलेले आहेत. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लावणे सक्तीचे झाले आहे. पण ते लावायचे असते, नंबराचा भाग नसते. एक्सेलने ते खाल्ले, तर उरलेला दहा अंकी नंबर बरोबरच निघतो. इथे नुकसान होत नाही, म्हणून आकड्यांच्या रकान्यावर विश्वास बसतो, आणि मग तोच रकाना न्यू जर्सीच्या झिपसाठीही वापरला जातो.

६. सर्वात वाईट नुकसान

शून्य गळले तर ते परत घालता येते. `+` गेला, तर देश पाहून परत लावता येतो. पण एक नुकसान असे आहे की त्यावर उपाय नाही, आणि ते देशाच्या कोडासह लिहिलेल्या मोबाइल नंबरांचे होते.

समजा वर्गणीदाराचा नंबर `+915678901234` आहे. (भारतात ५ ने मोबाइल सुरू होत नाही, म्हणून हा नमुना.) साध्या खान्यात तो टाकला की `+` जातो आणि उरतो बारा अंकी आकडा. एक्सेलचे नेहमीचे स्वरूप अकरा अंकांपर्यंतच आकडा पूर्ण दाखवते. बारा अंक झाले की थोडक्यात दाखवते:

```
9.15679E+11
```

याचा अर्थ ९.१५६७९ गुणिले १० चा अकरावा घात, म्हणजे सुमारे ९१ हजार ५६८ कोटी. खान्यात मूळ आकडा अजून पूर्ण आहे, फक्त दाखवताना आखडता घेतला आहे. इथपर्यंत काही बिघडलेले नाही.

बिघडते ते ही फाइल सीएसव्ही म्हणून जतन केल्यावर. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर. लेबल छापणाऱ्याला, कुरिअरला, एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीला याद्या बहुधा याच स्वरूपात दिल्या जातात. सीएसव्ही लिहिताना एक्सेल खान्यात काय आहे ते न लिहिता पडद्यावर काय दिसते ते लिहिते. म्हणजे फाइलीत `9.15679E+11` ही अक्षरे जातात. ती फाइल पुन्हा उघडली की आकडा होतो:

```
915679000000
```

शेवटचे सहा अंक शून्य झाले, त्यांच्या आधीचाही एक बदलला. मूळ नंबर या फाइलीतून पुन्हा काढणे कोणालाही शक्य नाही. हे घडल्याची खूण स्पष्ट असते: रकान्यात बरेच नंबर सहा शून्यांनी संपणारे दिसतात, आणि वेगवेगळ्या माणसांचा नंबर एकच झालेला दिसतो.

नंबर संयोगचिन्हे घालून लिहिला, तर आणखी एक तऱ्हा. `+91-56789-01234` टाइप केले की सुरुवातीचे `+` पाहून एक्सेल ते सूत्र समजते आणि वजाबाकी करते. ९१ मधून ५६७८९ वजा, त्यातून १२३४ वजा. खान्यात उरते `-57932`. मधे जागा सोडून `+91 56789 01234` असे लिहिले, तर ते आकड्यासारखे दिसत नाही, म्हणून मजकूर म्हणून तसेच राहते. एकाच रकान्यात काही नंबर नीट आणि काही बिघडलेले का दिसतात, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते, की कोणी जागा सोडली होती आणि कोणी नाही.

७. टाकण्याआधी सांगा

उपाय सोपा आहे, फक्त वेळ पाळावी लागते. एक्सेलला 'हा मजकूर आहे' हे एन्टर दाबण्याआधी सांगायचे.

नवी यादी करत असाल, तर फोन आणि पोस्टकोड हे दोन्ही रकाने पूर्ण निवडा, Home पट्टीवर जिथे `General` लिहिलेले असते तिथे `Text` निवडा, आणि मग टाइप करायला लागा. गूगल शीट्समध्ये हेच Format, Number, `Plain text` असे आहे. एखाद्याच खान्यापुरते करायचे असेल, तर आधी एक अवतरणचिन्ह द्या: `'07306`. ते छापले जात नाही, पुढचे सगळे मजकूर आहे एवढेच सांगते.

रकाना मागाहून `Text` केला, तर गेलेले शून्य परत येत नाही. आधी म्हटले तसे, मूळ अक्षरे खान्यात उरलेलीच नसतात. `00000` असे स्वरूप देऊन शून्य नुसते दाखवताही येते, पण ते दिसण्यापुरते. आत `7306` च असतो आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने एक्सेलची फाइल थेट वाचली, तर तसाच बाहेर पडू शकतो.

तयार सीएसव्ही आली असेल, तर तिच्यावर दोनदा क्लिक करू नका. तसे केल्यास एक्सेल सगळे रकाने स्वतःच्या अंदाजाने उघडते. फाइल पाठवणाऱ्याने झिपभोवती अवतरणचिन्हे घालून `"07306"` असे दिले असले, तरी उपयोग होत नाही. एक्सेल ती चिन्हे काढून आतल्याचा आकडा करते. त्याऐवजी रिकामी फाइल उघडून Data पट्टीवरील `From Text/CSV` ने ती आत घ्या, आणि पुढच्या चौकटीत `Data Type Detection` समोर `Do not detect data types` निवडा. गूगल शीट्समध्ये आयात करताना `Convert text to numbers, dates, and formulas` समोरची खूण काढा.

चुकून दोनदा क्लिक झालेच, तरी घाबरू नका. जतन न करता बंद करा. डिस्कवरची मूळ फाइल जशीच्या तशी असते. खात्री करायची असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. नोटपॅड अंदाज बांधत नाही. तिथे `07306` दिसला, तर शून्य फाइलीत आहे आणि फक्त एक्सेलने लपवले आहे. तिथेही `7306` च असेल, तर शून्य पाठवणाऱ्याकडेच गेले आहे, आणि त्याच्याकडूनच यादी पुन्हा मागवायला हवी.

मजकूर केलेल्या खान्याच्या कोपऱ्यात एक छोटा हिरवा त्रिकोण येतो, आणि त्यावर गेले की `Convert to Number` असा सल्ला मिळतो. या रकान्यांपुरता तो सल्ला चुकीचा आहे. `Ignore Error` निवडा.

८. मजकूर केल्यावर काय सांभाळायचे

मजकुराच्या रकान्यात काहीही मावते, आणि ही त्याची उणी बाजू आहे. `411030` आणि `411 030` हे यंत्राला दोन वेगळे पिन कोड वाटतात. `४११०३०` हा तिसरा, कारण देवनागरी अंक ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हे आहेत. कोडाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा दिसत नाही, पण तुलनेत आडवी येते. पुण्याच्या जुन्या लेटरहेडवर दोन फोन नंबर तिरक्या रेघेने एकत्र लिहिलेले असतात. तेही एका खान्यात जाऊन बसतात. म्हणून साठवायची एकच धाटणी ठरवा. माझ्या मते फोनसाठी `+`, देशाचा कोड, आणि मग जागा किंवा संयोगचिन्ह न घालता सगळे अंक, एका खान्यात एकच नंबर. छापताना वाचकाच्या सोयीने जागा सोडा, साठवताना नको.

ही धाटणी करताना पहिले शून्य डोळे झाकून काढू नका. भारत आणि ब्रिटनमध्ये `+` लावताना ते काढायचे असते, पण इटलीत लँडलाइनचे शून्य तसेच ठेवतात. रोमचा नंबर `+39 06` असाच सुरू होतो.

दोन याद्या जुळवताना आणखी एक अडचण येते. एका फाइलीत `411030` आकडा असेल आणि दुसरीत मजकूर, तर दोन्ही अगदी सारखे दिसूनही `VLOOKUP` ला जुळणी सापडत नाही आणि तो `#N/A` दाखवतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे, हाताने बदलले नसेल तर आकडे खान्यात उजवीकडे टेकतात आणि मजकूर डावीकडे. दोन्ही याद्यांत रकाना मजकूर करून घेतला की जुळणी लागते.

मासिकाची यादी एक्सेल सोडून डेटाबेसमध्ये न्यायची ठरली, तर प्रोग्रॅमरला एवढे आवर्जून सांगा, की फोनचा रकाना आकड्याचा करू नको. नेहमीच्या `INT` प्रकारात सर्वात मोठा आकडा मावतो तो `2147483647`. पुण्याची लँडलाइन शून्य गळल्यावर `20` ने सुरू होणारा दहा अंकी आकडा होते, म्हणजे ती या मर्यादेत नेमकी बसते. मुंबईची `22` ने सुरू होते, ती बसत नाही, आणि मोबाइल तर एकही बसत नाही. पुण्याच्या लँडलाइन टाकून पाहिलेला प्रोग्रॅम चालतो आणि मुंबईचा पहिला वर्गणीदार येताच अडतो. मायएसक्यूएल सैल नियमांवर चालवलेले असेल, तर ते अडतही नाही, प्रत्येकाच्या नावापुढे गुपचूप `2147483647` लिहून ठेवते. रकाने असे हवेत:

```sql
phone    VARCHAR(20),
postcode VARCHAR(10),
country  CHAR(2)
```

`VARCHAR` म्हणजे मजकूर, आणि कंसातला आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती अक्षरे.

९. पाठवण्याआधीची तपासणी

यादी छापखान्यात किंवा कुरिअरकडे देण्याआधी शेजारी एक रिकामा रकाना घेऊन त्यात पोस्टकोडाची लांबी मोजा:

```
=LEN(C2)
```

हे सूत्र खालपर्यंत ओढा आणि यादी आधी देशाप्रमाणे, मग लांबीप्रमाणे लावा. भारताच्या ओळींत ६ सोडून दुसरे काही दिसले, अमेरिकेच्या ओळींत ५ किंवा शेपटासह लिहिलेले १० सोडून काही दिसले, तर त्या ओळी पाहा. फोनसाठी हेच करा. `+91` ने सुरू होणारे नंबर १३ चिन्हांचे असले पाहिजेत, मग मोबाइल असो की पुण्याची लँडलाइन. भारताच्या ओळींत ज्यांची लांबी १२ आहे, त्यांचा `+` गेला आहे. शेवटी सहा शून्ये असलेले नंबर वेगळे काढा आणि त्या वर्गणीदारांचे नंबर जुन्या पावत्यांवरून पुन्हा भरा.

आणि यादी सुधारायला घेण्यापूर्वी मूळ फाइलीची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवून द्या. तिच्यात काही टाइप करू नका, आणि ती सीएसव्ही असेल तर एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका.